चाळीस रुपयांत उधारी किती? पिग आयर्नच्या व्यापाऱ्याशी भाव आणि मुदत ठरवताना

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. पाचशे किलोची इंडक्शन भट्टी, बिडाची कास्टिंग. महिन्याला साधारण 20 टन पिग लागतं आणि गेली कित्येक वर्षं ते एकाच व्यापाऱ्याकडून येतं. त्यांना सगळे शेठ म्हणतात, मीही म्हणतो. आमची भावाची बोलणी वर्षानुवर्षं एकाच ठरावीक चालीनं व्हायची. मी फोन करायचो, "शेठ, जरा बघा की भावाचं." ते म्हणायचे, "तुमच्यासाठी चार आणे कमी." मी खूश. पुढच्या महिन्यात प्लांटचा भाव वाढला की ते चार आणे कुठं विरघळायचे ते कळायचंही नाही.

हे चुकत होतं, कारण मी एकच भाव एकच वस्तू समजून बोलत होतो. व्यापारी आपल्याला दोन गोष्टी विकतो. एक लोखंड, दुसरे दिवस. बिलावर दोन्हींचा मिळून एकच आकडा असतो, त्यामुळं दिवसांची किंमत दिसत नाही. ती आधी सुटी करून बघायची, मग बोलायला बसायचं. ते कसं करायचं, तेवढंच इथं सांगतो. उदाहरण पिगचं आहे. आकडे हिशेब कळावा म्हणून गोल केलेत, आजचा बाजारभाव म्हणून वाचू नका.

आधी स्वतःची खतावणी

पहिलं काम शेठकडं नाही, आपल्या टॅलीत. त्या पार्टीचं वर्षभराचं लेजर काढा आणि कागदावर चार रकाने करा: बिलाची तारीख, रक्कम, पैसे प्रत्यक्ष गेले ती तारीख, आणि मधले दिवस. चेक दिला ती तारीख धरू नका, त्यांच्या खात्यात पैसे पडले ती धरा. चेक देऊन "चार दिवस थांबून भरा" असं आपण किती वेळा सांगतो, ते आपल्यालाच माहीत.

आमचा ठरलेला वायदा 30 दिवसांचा होता. एका महिन्याची चार बिलं घेतली, प्रत्येकी 5 टनांची, म्हणजे सारख्याच रकमेची. पैसे गेले होते 30, 35, 62 आणि 61 दिवसांनी. सरासरी 47. बिलांच्या रकमा सारख्या नसतील तर प्रत्येक रकमेला तिच्या दिवसांनी गुणायचं, सगळी बेरीज करायची आणि एकूण रकमेनं भागायचं. नुसती दिवसांची सरासरी काढली तर लहान बिल वेळेवर भरून मोठं लटकवल्याचं लपून जातं.

हा 47 चा आकडा मला अवघड वाटला, पण शेठना तो पाठ होता. व्यापारी आपल्या तोंडच्या 30 दिवसांवर भाव काढत नाही, आपल्या सवयीच्या 47 वर काढतो. तेव्हा "मी तुमचं जुनं गिऱ्हाईक" हे वाक्य बोलण्याआधी बघून घ्या, की आपण कसलं जुनं गिऱ्हाईक आहोत.

त्याच बैठकीत काटापावत्याही काढा. त्यांच्या काट्याचं वजन आणि आपल्या बाजूच्या काट्याचं वजन यात सातत्यानं एकाच बाजूला फरक पडत असेल, तर तो भावाइतकाच मोठा विषय आहे. 5 टनांत 25 किलो तूट म्हणजे अर्धा टक्का, म्हणजे 40 रुपयांच्या भावात किलोमागं 20 पैसे. आमच्या बाबतीत फरक कधी इकडं, कधी तिकडं होता, म्हणून तो विषय मी तिथंच सोडला.

चाळीस रुपये सोलायचे

आता भाव सोलायचा. आपल्याकडं पिग बहुतेक कोप्पळ-होस्पेट बाजूनं किंवा गोव्याकडून येतं. प्लांटचा त्या दिवसाचा भाव व्यापारात लपून राहत नाही. दोन वेगळ्या व्यापाऱ्यांना रोखीचा, पूर्ण गाडीचा भाव विचारला तरी अंदाज येतो. ट्रकभाडं आपल्या ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा. मग खालून वर चढत जा.

माझ्या कागदावर ते असं उतरलं. प्लांटचा भाव 37 रुपये. ट्रकभाडं 1 रुपया 10 पैसे. शेठच्या गोडाऊनला गाडी उतरवणं, पुन्हा टेम्पोत भरणं, आमच्यापर्यंतचं टेम्पोभाडं, हे सगळं मिळून 40 पैसे. शेठचा नफा 40 पैसे. बेरीज 38 रुपये 90 पैसे. आणि मला भाव लागत होता 40. उरलेले 1 रुपया 10 पैसे कशाचे? ते दिवसांचे.

पडताळून बघूया. 40 रुपयांवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे बिल 47 रुपये 20 पैसे. शेठचे अडकतात ते 47.20, कारण मी पैसे दिले असोत की नसोत, त्यांना जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरावाच लागतो. त्यांच्या पैशाची किंमत किती? बहुतेक व्यापाऱ्यांच्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं, "मुदतीनंतर 18 टक्के व्याज". सहसा ते व्याज कोणी लावत नाही, पण त्यांच्या डोक्यातला दर तिथं उघडा पडलेला असतो. 47.20 चे 18 टक्के, भागिले 365, गुणिले 47: येतात 1 रुपया 9 पैसे. म्हणजे मला फुकट वाटणारी उधारी मी किलोमागं एक रुपया नऊ पैशांना विकत घेत होतो.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगतो, अनुभवाची आहे. त्या 40 पैसे नफ्याला हात लावू नका. नवखा माणूस तिथंच ओढाताण करतो, कारण त्याला बाकीचे भाग दिसत नाहीत. नफ्यातले 10 पैसे काढून घ्याल तर तो माणूस ते मालात, वजनात किंवा तुमच्या अडचणीच्या दिवशी वसूल करेल. ज्या 40 पैशांत फक्त हमाली आणि टेम्पोचा धूर आहे आणि ज्या 1 रुपया 10 पैशांत फक्त व्याज आहे, तिथून पैसे काढले तर दोघांपैकी कोणाचंच पोट मारलं जात नाही.

दिवस परत विकायचे का?

शेठना एक दिवस जितका महाग पडतो त्याहून मला स्वस्त पडत असेल, तर मी दिवस परत द्यावेत आणि भाव घ्यावा. उलट असेल तर नाही.

आमचं बँकेचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट खातं 11 टक्क्यांनी आहे. 47 दिवसांऐवजी 7 दिवसांत पैसे दिले, तर 40 दिवसांचा फरक. त्या 40 दिवसांची किंमत शेठच्या 18 टक्क्यांनी होते किलोमागं 93 पैसे, माझ्या 11 टक्क्यांनी 57 पैसे. मधली 36 पैशांची जागा दोघांनी वाटून घ्यायची. भाव 75 पैशांनी उतरला तर मला 18 पैसे सुटतात, त्यांनाही 18.

हाच हिशेब माझ्या शेजारच्या शेडवाल्यासाठी उलटा येतो. त्याचं सीसी कायम काठोकाठ भरलेलं, वरचा पैसा तो बाजारातून महिना दोन टक्क्यांनी उचलतो. त्याला त्याच 40 दिवसांची किंमत पडते 1 रुपया 24 पैसे. त्यानं 75 पैशांच्या सुटीसाठी सात दिवसांत पैसे देणं म्हणजे खिशातले घालणं. त्याच्यासाठी शेठची उधारी हाच सगळ्यांत स्वस्त पैसा आहे, त्यानं भावाचा नादच करू नये, मुदत नीट बांधून घ्यावी. आणि व्यापारी स्वतःच्या पैशानं धंदा करणारा असेल, ठेवीला जे व्याज मिळतं त्याच्या आसपासच हिशेब धरणारा, तर ही मधली जागाच उरत नाही. मग रोखीच्या सुटीवर दोन तास बोललात तरी हाती चहाच लागणार.

दुसरी अडचण रकमेची. भाव किलोमागं पैशांत असतो, पण 40 दिवस आधी पैसे द्यायचे म्हणजे एकदाच मोठी रक्कम लागते. महिन्याचं बिल 9 लाख 44 हजार. 40 दिवस लवकर म्हणजे साधारण साडेबारा लाख रुपये कायमचे आपल्याकडून त्यांच्याकडं सरकले. सीसीत तेवढी जागा मोकळी आहे का, ते बोलणी करायच्या आधी बघा. यात एक दिलासा आहे. बँक स्टॉक स्टेटमेंटवरून पैसे उचलण्याची मर्यादा काढते, तेव्हा मालाच्या किमतीतून देणं वजा करते. देणं साडेबारा लाखांनी घटलं, तर 25 टक्के मार्जिन धरून उचल मर्यादा नऊ लाखांच्या वर वाढू शकते, अर्थात मंजूर लिमिटच्या आतच. लिमिट आधीच पुरतं वापरात असेल तर ही वाढ कागदावरच राहते.

पूर्ण गाडीचा हिशेब

"जास्त माल घेतो, भाव कमी करा" हे वाक्य व्यापारी दिवसातून दहादा ऐकतो आणि त्याचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. महिन्याला 20 टन मी आधीही घेतच होतो, पण दर आठवड्याला 5 टन, त्यांच्या गोडाऊनमधून. त्यांचा खर्च माझ्या महिन्याच्या टनांनी कमी होत नाही. तो कमी होतो, जेव्हा प्लांटहून निघालेली गाडी त्यांच्या गोडाऊनला न थांबता सरळ माझ्या दारात रिकामी होते. मग उतरवणं-भरणं आणि टेम्पो वाचतो. ते 40 पैसे होते. मी 30 मागितले, 10 त्यांच्याकडं ठेवले, कारण गाडी लावणं, कागद बघणं ही कामं त्यांना राहतातच.

पण पूर्ण गाडी घेतली की माल आपल्याकडं पडून राहतो. आठवड्याला 5 टन येत होते तेव्हा यार्डात सरासरी अडीच टन असायचं, आता 20 टनांची गाडी एकदम उतरते, त्यामुळं सरासरी 10 टन. जादाचे साडेसात टन म्हणजे 3 लाखांचा माल, 11 टक्क्यांनी महिन्याला 2,750 रुपये व्याज. सूट 30 पैशांनी 6,000. शिल्लक 3,250. ठीक आहे, पण "बल्कमध्ये घेतलं" या शब्दाला जेवढा रुबाब आहे तेवढे पैसे त्यात नाहीत.

महिन्याला आठच टन लागत असेल तर पूर्ण गाडी घेऊ नका. अडीच महिन्यांचा माल अंगावर येतो आणि मधे भाव दोन रुपयांनी उतरला तर वर्षभराची सूट एका फटक्यात जाते. त्यापेक्षा शेजारच्या फाउंड्रीबरोबर गाडी वाटून घ्या. बिलं दोन, ई-वे बिलं दोन, आणि पहिला माल उतरल्यावर गाडी पुन्हा काट्यावर. तो मधला काटा चुकवलात तर भांडण ठरलेलं, कारण तूट कोणाच्या वाट्याची हे मग कोणीच सांगू शकत नाही.

पावसाळ्याचाही विचार करा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळेला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. जूनच्या शेवटी एक गाडी जास्तीची घेऊन ठेवण्याला म्हणूनच अर्थ आहे. तेव्हा व्यापाऱ्यालाही गोडाऊन हलकं करायचं असतं, त्यामुळं त्या गाडीवर मुदत वाढवून मागायला हीच वेळ. फक्त माल छपराखाली पाहिजे. ओलं पिग किंवा स्क्रॅप वितळलेल्या धातूत गेलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू बाहेर उडतो. छप्पर नसेल तर हा सौदा नकोच.

बोलायला कधी, कसं

महिनाअखेर नको, तेव्हा ते वसुलीत असतात. भाव चढत असतानाही नको, तेव्हा त्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. बाजार थंड असताना, आणि आपलं मागचं सगळं देणं चुकतं केल्यावर जा. हे दुसरं महत्त्वाचं. मी जायच्या आधी तीन महिने फक्त 30 दिवसांचा शब्द काटेकोर पाळला, बाकी काही बोललो नाही. 47 दिवसांची सवय असलेल्या माणसानं "सात दिवसांत देतो" म्हटलं तर समोरचा हसेल, तोंडावर नाही हसला तरी.

गेलो ते एक कागद घेऊन. त्यावर भावाची सोलून केलेली मांडणी, पण नफ्याचा आकडा मी मुद्दाम लिहिला नव्हता. दुसऱ्याच्या गल्ल्यात हात घातल्यासारखं होतं ते.

शेठनी चष्मा चढवून कागद वाचला. "हे भाडं कुठनं काढलंसा? एवढ्यात गाडी येत नाही आता."

"किती पडतं मग?"

"सव्वा रुपया धरा."

मी पेननं खोडून सव्वा केलं. त्यांनी आकडा दुरुस्त केला, म्हणजे बाकीचे आकडे त्यांना मान्य होते. हे मला नंतर, गाडीवर बसल्यावर लक्षात आलं.

"शेठ, मला भाव कमी नको," मी म्हटलं. "गाडी सरळ माझ्याकडं उतरवा. काटा झाल्यापासून सातव्या दिवशी आरटीजीएस. तुमचे किती दिवस वाचतात ते तुम्हीच सांगा, आणि त्याचं काय ते द्या."

ते काही बोलले नाहीत. चहा आला. अशा वेळी आपली जीभ वळवळते, "निदान एक रुपया तरी" असं तोंडातून निघतं. गप्प बसायचं. चहा संपल्यावर ते म्हणाले, "आणि आठव्या दिवशी?"

"आठव्या दिवसापासून जुना भाव. त्या गाडीपुरता. तुम्ही मागायचं नाही, मीच लावून देणार."

बोलणी या एका वाक्यावर झाली, सुटीच्या आकड्यावर नाही. त्यांची भीती भावाची नव्हती. सूट घेऊन मी पुन्हा 47 दिवसांवर जाईन, याची होती. ती भीती माझ्या वाक्यानं गेली, मग दिवसांचे 75 पैसे आणि गाडीचे 30 पैसे पाच मिनिटांत ठरले.

आता खरा फायदा मोजू. भाव 40 वरून 38.95. महिन्याला 21,000 रुपये वाचले असं दिसतं आणि मी घरी तसंच सांगितलं. पण त्यातून 40 दिवसांचं व्याज 11,400 आणि जादा मालाचं 2,750 वजा केलं तर राहतात 6,850. वर्षाला ब्याऐंशी हजारांच्या आसपास. फार नाही, पण खरे आहेत. जो माणूस 21,000 मोजत बसतो तो पुढच्या वर्षी सीसीचं व्याज बघून बुचकळ्यात पडतो.

ज्यांना मुदतच हवी आहे त्यांच्यासाठी वेगळं. "30 चे 60 करा" म्हणू नका. तुमच्या गिऱ्हाइकाचे पैसे कोणत्या तारखेला पडतात ते बघा. समजा 10 आणि 25 ला पडतात. मग मागा, की 1 ते 15 ची बिलं पुढच्या महिन्याच्या 12 ला आणि 16 नंतरची 27 ला. सरासरी मुदत फार वाढत नाही, पण तुमची ओढाताण थांबते आणि व्यापाऱ्याला तारीख कळते. ठरलेली तारीख त्याला लांबलेल्या मुदतीपेक्षा बरी वाटते, कारण त्यालाही प्लांटला आगाऊ पैसे पाठवायचे असतात.

यात कायद्याची एक सीमा आहे. तुमचा पुरवठादार स्वतः उत्पादन करणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल आणि त्याची उद्यम नोंदणी असेल, तर एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणे लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांच्या वर जात नाही, करार नसेल तर 15 दिवस. पुढं उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय 2023 च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात 43बी(एच) आलं, त्यानुसार अशी उशिराची रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरता येत नाही. निव्वळ व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी ही प्राधान्य कर्जापुरती असते, त्यामुळं पिगच्या शेठना हे सहसा लागू होत नाही, पण तुमच्या कोअर बनवून देणाऱ्या छोट्या कारखानदाराला लागू होतं. त्याच्याकडं 60 दिवस मागण्यात काही मिळवणं नाही. आपल्या सीएला पुरवठादारांची यादी एकदा दाखवून कोण कशात बसतो ते लिहून घ्या.

लिहून काय घ्यायचं

करारनामा वगैरे आम्ही केला नाही. परचेस ऑर्डरवरच लिहिलं आणि शेठनी व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके" पाठवलं. त्यात सगळ्यांत जास्त वेळ गेला भावाच्या पायावर. तीन महिने भाव बांधून घ्यायचा मोह होतो. करू नका. बाजार चढला तर गाडी "प्लांटमधनंच निघाली नाही", आणि पडला तर तुम्ही अडकलात. आम्ही भाव बांधला नाही, फरक बांधला: गाडी प्लांटमधून निघाली त्या दिवशीचा प्लांटचा भाव अधिक ठरलेली रक्कम. प्लांटच्या त्या दिवशीच्या भावपत्रकाचा फोटो गाडीबरोबर. भाव चढताना "नवा भाव" आणि उतरताना "जुना स्टॉक", हा खेळ त्यानं बंद होतो.

दिवस कधीपासून मोजायचे, तेही लिहा. बिलाची तारीख आणि माल पोहोचल्याची तारीख यात दोन दिवस गेले, तर सातातले दोन गेले. सूट बिलातच कमी करून घ्या, नंतरच्या क्रेडिट नोटवर सोडू नका. क्रेडिट नोट आली की जीएसटीचं इनपुट उलटवायचं की नाही हा प्रश्न येतो, आणि बऱ्याचदा नोटच येत नाही. वजनासाठी कोणता काटा आणि किती किलोंपर्यंतचा फरक सोडायचा, एवढं आणखी.

भाव उतरल्यावर माल बघायचा

नवा भाव सुरू झाल्यावर पहिल्या तीन गाड्यांकडं मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. पूर्वी एका दुसऱ्या पुरवठादाराकडं मी भाव बराच पाडला होता आणि दोन महिने खुशीत होतो. मग भट्टीवरचा माणूस म्हणाला, "साहेब, स्लॅग लई येतोय, आन सिलिकॉन दर हीटला कमी येतंय." पिगला रेती चिकटलेली होती आणि ग्रेड मिसळलेली. टेस्ट सर्टिफिकेट एका हीटचं, माल तीन हीटचा.

पिगमध्ये सिलिकॉन 0.3 टक्क्यानं कमी आलं, तर 20 टनांत 60 किलो सिलिकॉन कमी. ते भरून काढायला 70 टक्क्यांचं फेरोसिलिकॉन साधारण 86 किलो लागतं, भट्टीत जळून जातं ते धरलं नाही तरी. शंभर रुपये किलो धरा, साडेआठ हजार. म्हणजे वर एवढ्या उठाठेवीनं वाचवलेले 6,850 गेले आणि वर खिशातले दीड हजार. म्हणून प्रत्येक गाडीतले दोन-तीन नग उचलून स्पेक्ट्रोला पाठवा, आणि टनामागं फेरोसिलिकॉन किती गेलं हे भट्टीच्या वहीत लिहायला लावा. भाव बदलला त्या तारखेला वहीत लाल रेघ मारा. रेघेच्या वरचे आणि खालचे आकडे वेगळे दिसू लागले की फोन करा, सर्टिफिकेट हातात घेऊन.

आपल्या बाजूनंही घोटाळा होतो. पाचव्या महिन्यात आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं पैसे लांबवले आणि सातवा दिवस चुकणार हे चौथ्या दिवशीच दिसत होतं. मी त्याच दिवशी शेठना फोन केला, "या गाडीचे बारा दिवस होतील, बिलाचा फरक लावून पाठवतो." त्या गाडीपुरती सूट सोडली, 15,000 रुपये गेले, कारण दिवसांचे 75 पैसे 20 टनांवर तेवढे होतात. पोटात दुखलं. वर शेठ म्हणाले, "राहू द्या की यावेळी." मी राहू दिलं नाही, पाठवले.

जूनमध्ये त्यांचाच फोन आला. गोडाऊनवर एक गाडी उभी होती, कोणीतरी शब्द फिरवला होता. "पावसाच्या आधी उतरवून घेता का? भाव आपला ठरलेला, पैसे एकवीस दिवसांनी द्या." मी छपराखाली जागा किती आहे ते बघायला बाहेर आलो, आणि मग होय म्हटलं.